दुसऱ्याच्या देवाचा दिवा आणि आमचे इंदूर

गेल्या पावसाळ्यात इंदुरातील एका देवस्थानाची स्मरणिका आमच्या हाती आली. कागद गुळगुळीत, छपाई सुबक, आणि पहिल्याच पृष्ठावर ठळक अक्षरांत एक विधान : आमच्या नगराचे मूळ नाव 'इंद्रपूर' असून त्यास सम्राट स्कंदगुप्ताच्या इसवी सन ४६५ मधील ताम्रपटाचा लेखी आधार आहे. विधान वाचून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. इंदुराशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. पंधराशे वर्षांचा लेखी पुरावा कोणास नको असतो? परंतु तो ताम्रपट आम्ही वाचलेला होता, म्हणून आनंदाच्या जागी संकोच वाटला. संपादकांस आम्ही सविस्तर पत्र धाडले. उत्तर दोन ओळींचे आले. त्याचा आशय असा की, भाविकांच्या भावनेचा प्रश्न आहे, तेव्हा एवढ्या तेवढ्या तपशिलात जाऊ नये.

तपशिलात जाऊ नये म्हणता? मग ताम्रपटाचे नाव तरी कशाला घेतले? ताम्रपट म्हणजे तपशीलच होय. कोणी, कोणास, कोठे, किती, केव्हा आणि कोठवर दिले, एवढेच त्यात असते. म्हणून आज आम्ही त्या तपशिलातच जाणार आहोत.

हा ताम्रपट १८७४ साली कार्लाइल नामक पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यास मिळाला आणि पुढे फ्लीट ह्या विद्वानाने गुप्तलेखांच्या आपल्या प्रसिद्ध संग्रहात तो संपादून छापला. तेथे त्याचे शीर्षक 'इंदोरचा ताम्रपट' असेच आहे, आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्या शीर्षकात आहे. ते इंदोर आमचे नव्हे. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात दिबाई गावाजवळ एक मोठे, उंच पांढरीचे टेकाड आहे; त्याला इंदोर अथवा इंदोरखेडा म्हणतात. पत्रा तेथे मिळाला.

आता कोणी म्हणेल, पत्रा काय, हातोहात कोठेही जातो; मिळाला तेथे, पण मूळचा माळव्यातला कशावरून नसेल? शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर पत्र्यातच दिलेले आहे. लेखाचा काळ गुप्त संवत् १४६, महिना फाल्गुन. राजा स्कंदगुप्त. त्याच्या हाताखाली सर्वनाग नावाचा विषयपती, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचा अधिकारी. आणि हा सर्वनाग कोणत्या प्रदेशाचा विषयपती होता? अंतर्वेदीचा. अंतर्वेदी म्हणजे गंगा आणि यमुना ह्यांच्या मधली भूमी. आमच्या इंदुराच्या एका अंगाने खान वाहते, दुसऱ्या अंगाने सरस्वती. गंगा नाही आणि यमुनाही नाही. स्मरणिकाकारांनी 'इंद्रपूर' हा शब्द पाहिला आणि 'अंतर्वेदी' हा त्याच लेखातला शब्द पाहिला नाही. स्थलनामाच्या शोधात पहिला नियम हाच की, नाव एकटे वाचावयाचे नसते. त्याच्या शेजारी विषय कोणता, भुक्ती कोणती, सीमेवरची गावे कोणती, नदी कोणती, हे सर्व जुळले तर नाव जुळले. एकटे नाव जुळणे म्हणजे रामराव नावाचा गृहस्थ भेटला म्हणून तोच आपला मामा समजण्यासारखे आहे.

आणि ह्या पत्र्यात दिले काय आहे, हेही वाचकांस सांगितले पाहिजे. कारण हे वाचक देवळांशी बांधलेले आहेत आणि त्यांना ह्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळेल. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने इंद्रपुरातील सूर्यमंदिरात अखंड दिवा तेवावा म्हणून काही द्रव्य ठेव म्हणून दिले. ते मंदिर अचलवर्मा आणि भ्रुकुंठसिंह ह्या दोघा क्षत्रियांनी बांधलेले. ठेव सांभाळणार तेथील तेल्यांची श्रेणी. तिचा प्रमुख जीवंत नावाचा. श्रेणीने ठेवीच्या बदल्यात देवाला ठरल्या मापाने, दोन पळे तेल, न चुकता द्यावयाचे. पुढे तर अशी अट आहे की, श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडे गेली, तरी तिची एकजूट आहे तोवर हे बंधन तिच्यावर आहेच. देवस्थानाच्या हिशेबात ज्यांनी डोके घातले आहे, त्यांना ह्या एका कलमातले शहाणपण लगेच उमगेल. आणि शेवटी, ही बांधून दिलेली देणगी जो मोडील त्याच्या माथी गोहत्या, गुरुहत्या, ब्रह्महत्या इत्यादी पातके आहेत.

आमचे म्हणणे एवढेच की, अंतर्वेदीतल्या त्या सूर्याचा दिवा उचलून आपल्या गाभाऱ्यात आणून ठेवणे, हेही देणगीचे हरणच होय. देवविष्णू, जीवंत, त्याचे तेली, ह्यांना त्यांच्या गावापासून तोडून आम्ही आमच्या नगराची शोभा वाढविली, तर इतिहासाचे काय व्हावयाचे ते होवो, पण धर्मदृष्टीने तरी ते शोभते काय?

पत्रे हातोहात फिरतात, असे वर म्हटले. ह्याचे उत्तम उदाहरण नेमके इंदुराचेच आहे. स्वामिदास आणि भुलुंड ह्या दोन महाराजांचे ताम्रपट इंदुरात हाती आले, म्हणून विद्वानांत ते 'इंदूरचे ताम्रपट' म्हणून ओळखले जातात. रमेशचंद्र मजुमदारांनी ते संपादिले. वर्षे ६७ आणि १०७, पण कोणत्या शकाची, ते लिहिलेले नाही. दाने सुटली आहेत 'वल्खा' नावाच्या स्थानाहून. आता हे वल्खा कोठले? महामहोपाध्याय मिराशींसारख्या चतुरस्र पंडिताने ते खानदेशात, चाळीसगावजवळच्या वाघळी गावी, नेऊन बसविले. नावाचे साम्य होते, आजूबाजूच्या इतिहासाचीही काही संगती लागत होती. आमच्या तरुणपणी हे मत आम्ही निःशंकपणे मानीत होतो. पुढे १९८२ साली धार जिल्ह्यात, लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बाघजवळ, रिसावला येथे जमिनीतून एकदम सत्तावीस ताम्रपट निघाले. तेच घराणे, तेच वल्खा. सत्तावीस पत्रे एकत्र पुरलेले सापडतात तेव्हा ते एखाद्या वाटसरूच्या पडशीतून पडलेले नसतात. वल्खा म्हणजे बाघ, हे मत त्यानंतर स्थिर झाले.

ह्यात मिराशींचा अधिकार उणा होत नाही. ध्वनीच्या दृष्टीने 'वल्खा'पासून वाघळीकडे जाता येते तसे बाघकडेही जाता येते. केवळ ध्वनी दोघांतला निवाडा करू शकत नव्हता. निवाडा केला सापडण्याच्या जागेने. शिलालेख असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण दगड सहसा हलत नाही. पत्रा दानग्राहकाच्या वंशजांबरोबर पेटीत बसून जातो, सावकाराकडे गहाण पडतो, मोडीत विकला जातो, संग्राहकाच्या कपाटात येतो, आणि अखेर त्या शहराचे नाव धारण करून ग्रंथात शिरतो. म्हणून 'अमुक गावचा ताम्रपट' असे दिसताच पहिला प्रश्न विचारावा : त्या गावात मिळालेला, की त्या गावाविषयीचा?

येथवर आम्ही नुसते पाडकाम केले, असे वाचकांस वाटेल. मग इंदुराचे नाव मुळात 'इंद्रपूर' नव्हतेच काय? असे आम्ही म्हटलेले नाही. लेखी पुरावा नसला म्हणजे मार्ग खुंटला असे नाही. नावाच्या अंगातच त्याच्या वयाची खूण असते. ती ओळखण्याचा मार्ग आमच्याच माळव्यात, मंदसोरास, उघडा आहे.

मंदसोरचे प्राचीन नाव दशपुर. नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या लेखात ते आहे, कालिदासाच्या मेघदूतात आहे, आणि खुद्द मंदसोरच्या शिलालेखात आहे. तो शिलालेख लाट देशातून आलेल्या पटकारांच्या, म्हणजे रेशीम विणणाऱ्यांच्या, श्रेणीचा. त्यांनी मालव संवत् ४९३, म्हणजे इसवी सन ४३६ च्या सुमारास तेथे सूर्यमंदिर बांधले आणि संवत् ५२९ मध्ये, म्हणजे इसवी सन ४७३ च्या सुमारास, त्याचा जीर्णोद्धार केला. येथे दगड आहे, तारीख आहे, गावाचे नाव आहे. आता 'दशपुर'चे पुढे काय झाले? संस्कृतातला दोन स्वरांमधला 'प' लोकांच्या तोंडी 'व' होतो. दीप ह्याचा दिवा झाला, ताप ह्याचा ताव झाला, तसाच 'पुर' ह्याचा 'वुर' होतो; आणि 'उ'च्या आधीचा हा 'व' विरून जाऊन 'उर' उरते. दशपुर, दसवुर, दसउर, दसोर. हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. फ्लीटने नमूद करून ठेविले आहे की, आसपासचे खेडूत, इतकेच काय पण थेट इंदुरापर्यंतचे शेतकरी, त्या गावाला 'दसोर'च म्हणत. आणि त्याने पाहिलेल्या काही दुभाषी सनदांत फारशी मजकुरात मंदसोर, तर देशी मजकुरात दसोर लिहिलेले होते. एकाच कागदावर एकाच गावाची दोन नावे! कचेरीचे नाव वेगळे आणि नांगर धरणाऱ्याचे वेगळे, आणि जुने धन सांभाळले ते नांगर धरणाऱ्याने. (आरंभीचा 'मं' कोठून आला, ह्याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. आम्ही त्या वादात पडत नाही.)

गोमंतकीय वाचकांस हेच उदाहरण घरचे देता येईल. साष्टीतील चांदोर हे प्राचीन चंद्रपूर. शिरोडे येथे मिळालेला भोज राजा देवराजाचा ताम्रपट लिपीवरून चौथ्या-पाचव्या शतकाचा मानतात. त्यात राजधानीचे नाव 'चंद्रउर' असे वाचले गेले आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळी तेथे 'प' गळालेला होता! आणि शतकानुशतकांनंतर कदंबांच्या संस्कृत लेखांत तेच नगर पुन्हा 'चंद्रपूर' म्हणून येते. जो ह्या लेखांची केवळ तारखेप्रमाणे मांडणी करील, तो म्हणेल की आधी चंद्रउर होते आणि मागाहून त्याचे चंद्रपूर झाले. वस्तुतः लोक तर चांदोरकडेच चालले होते. संस्कृतज्ञ लेखनिक मात्र गावाला धूतवस्त्र नेसवून राजसभेत आणीत होता. जुन्या लेखातले रूप जुने असेलच असे नाही, आणि नव्या लेखातले रूप नवे असेलच असेही नाही. प्रत्येक रूपाखाली लिहिणारा कोण, हे पाहावे लागते.

आता ही कसोटी इंदुरास लावू. आमच्याकडे सर्वत्र असे सांगतात की, अठराव्या शतकात, १७४१ साली, इंद्रेश्वराचे मंदिर बांधले गेले, त्यावरून गाव 'इंद्रपूर' झाले, आणि त्याचेच इंदूर किंवा इंदौर. ह्या कथेत तारीखच कथेच्या मुळावर येते. 'पुर'मधला 'प' गळण्याची क्रिया प्राकृतांच्या काळातली. अठराव्या शतकापूर्वी कितीतरी शतके ती संपलेली होती. इंदुराहून दक्षिणेस गेले की बुऱ्हाणपूर लागते; फारुकी सुलतानांनी ते इसवी सन १४०० च्या सुमारास वसविले. सहाशे वर्षे झाली, 'प' जागचा हललेला नाही. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेले जयपूर आजही जयपूरच आहे. मग १७४१ नंतर नाव पडलेले इंद्रपूर तेवढे कोणत्या घाईने इंदूर झाले? ज्याला 'इंद्रपूर' हवे, त्याने १७४१ सोडले पाहिजे. ज्याला १७४१ हवे, त्याने 'इंद्रपूर' सोडले पाहिजे. दोन्ही एका हाती धरता येत नाहीत.

काही जण म्हणतात, मधले इंद्रपूर नकोच. 'इंद्रेश्वर'चेच थेट इंदूर झाले. तेही होणे नाही. 'ईश्वर' लोकांच्या तोंडी झिजतो तेव्हा 'एसर' होतो; त्यातला 'स' टिकून राहतो. गुजरातेतील अंकलेश्वरचे लोक अंकलेसर म्हणतात, आणि त्यावरूनच पारशांचे अंकलेसरिया हे आडनाव निघाले. इंद्रेश्वराचे 'इंदेसर' झाले असते, इंदूर नव्हे. मंदिराचे पावित्र्य ह्याने तिळमात्र उणे होत नाही. देवावरून गावाचे नाव पडते तसे गावावरून देवाचेही पडते, आणि इंदूर नावाच्या गावातील महादेवास भाविकांनी इंद्रेश्वर म्हटले असेल, ही शक्यता आम्हांस कितीतरी अधिक वाटते.

तेव्हा सचोटीने म्हणता येईल ते एवढेच : 'इंद्रपुर' हे रूप ध्वनिनियमांस धरून आहे, आणि ते खरे असेल तर गावाचे नाव होळकरांपूर्वी कित्येक शतकांचे आहे. परंतु ते अनुमानित रूप होय. भाषाशास्त्री अशा रूपाच्या डोक्यावर तारका देतात, ती येथे दिली पाहिजे. त्यातही एक खाच आहे. आज ज्याला निजामाबाद म्हणतात त्या तेलंगणातील नगराचे जुने नाव 'इंदूर'च. तेथे शेवटचा 'ऊर' हा गाव ह्या अर्थाचा द्राविड शब्द असण्याचा संभव ध्यानी ठेवावा लागतो. माळव्यात दसोर शेजारी असल्यामुळे 'पुर'चे पारडे जड आहे, परंतु केवळ शेवट पाहून शपथ घेता येत नाही. आणि जुन्या प्रवासवृत्तांत गोवळकोंड्याच्या वाटेवर 'इंदूर' भेटले, तर ते आमचे म्हणून मिरवू नये, हे निराळे सांगावयास नकोच.

प्रवासवृत्तांचा विषय निघालाच आहे, तर तेही साक्षीदार म्हणून कसे उपयोगी पडतात ते पाहा. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी मार्गदर्शिकेत उज्जयिनीचे नाव 'ओझेनी' असे येते. पुढे टॉलेमीही तसेच लिहितो. परक्याला संस्कृताचा अभिमान नव्हता. कानी पडले ते त्याने आपल्या अक्षरांत उतरविले. म्हणून आपणांस कळते की, शिलालेखांत काहीही असो, त्या काळी बाजारात लोक 'उजेनी'च्या जवळपास काही म्हणत होते. इंदुराला असा साक्षीदार लाभलेला नाही, कारण ते राजमार्गावरचे नगर नव्हते. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत उज्जैन सरकारातील महालांत सांवेर आहे, कंपेल आहे, इंदूर नाही. कंपेल परगण्यातले एक गाव म्हणून ते तेव्हाही असेल. महसुलाच्या यादीत परगणा येतो, खेडे येत नाही. यादीत नाव नसणे म्हणजे गाव नसणे नव्हे.

शेवटी आमच्या मराठी मंडळींशी दोन शब्द. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूर महानगरपालिकेच्या सभेत एका सदस्याने शहराचे नाव 'इंदौर' बदलून 'इंदूर' करावे असे सुचविले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांस स्फुरण चढले. मोडी कागदांत 'इंदूर' आहे, म्हणून तेच मूळ, असा युक्तिवाद आम्ही घरोघर ऐकला. आम्ही स्वतः इंदूरच म्हणतो आणि म्हणत राहू. परंतु मोडी कागद लिहिले कोणी? दक्षिणेतून आलेल्या मराठी कारकुनांनी. त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकले आणि स्वतःच्या जिभेने लिहिले. शेवटच्या 'अउ'चा कोणी 'ऊ' केला, कोणी 'ओ', कोणी 'औ'. विदर्भात चांदूर आहे आणि गोव्यात चांदोर, त्यांतले एक खरे आणि दुसरे भ्रष्ट असे कोणी म्हणत नाही. इंदूर आणि इंदौर ही सख्खी भावंडे होत. थोरलेपणाचा मान कोणा एकास देण्याजोगा कागद आजवर पुढे आलेला नाही. नाव बदलावे की न बदलावे, हे नागरिकांनी ठरवावे. ठरविताना पुरावा मात्र उसना आणू नये. कारण सरकारी ठरावाने उद्याचा पुरावाही बिघडतो. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले. पाचशे वर्षांनी एखादा संशोधक ते 'प'सकट रूप पाहून काय निष्कर्ष काढील, ह्याची आम्हांस आत्तापासून काळजी वाटते.

इंदुराचा खरा पुरावा असेल तर तो कंपेल, सांवेर, देपालपूर ह्या टापूत असेल. एखाद्या विहिरीच्या पायरीत, पडक्या देवळाच्या उंबऱ्यात, पारावरच्या वीरगळाच्या पायथ्याशी. आणि येथेच देवस्थानांच्या विश्वस्तांशी आमचे भांडण आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना उंबरा काढून संगमरवर बसवितात, अक्षरांच्या दगडावर तैलरंगाचा हात फिरवितात, लेख असलेल्या शिळेवर वर्षानुवर्षे शेंदुराची पुटे चढवितात. स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदास जेवढा खर्च आला, तेवढ्यात टापूतील पन्नास देवळांतील लेखांचे ठसे घेता आले असते. ठसा घेण्यास लागतो तो जाड सच्छिद्र कागद, पाणी, एक ब्रश आणि शाई. ओला कागद दगडावर ठोकून बसवावयाचा, अक्षरांच्या खाचांत तो शिरला म्हणजे वरून शाईचा बोळा फिरवावयाचा, वाळला की उचलावयाचा. दगडाला ओरखडाही उमटत नाही. ज्या देवळात असा दगड असेल तेथील पुजाऱ्यांनी तो घासून काढू नये, खडूने अक्षरे गिरवू नयेत, आणि येत्या जीर्णोद्धारापूर्वी पुरातत्त्व खात्यास एक पत्र टाकावे. त्या दगडावर 'इंद्रपुर' निघाले, तर स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ते छापण्यास आम्ही स्वतः वर्गणी देऊ. दुसरेच काही निघाले, तरी देऊ.